वाढलेला रुपया कोणाच्या खिशातून जातो

२०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही गावातून तालुक्याला राहायला आलो. मुलगी पाचवीत जाणार होती, माझी शाळा तालुक्यापासून १४ किलोमीटर आणि यांचं शेत दुसऱ्या बाजूला ११ किलोमीटर, म्हणून मधलं ठिकाण म्हणून दोन खोल्या ४५०० रुपये भाड्याने घेतल्या. गावात घर आहे, पण ते मामंजींच्या नावाने नमुना आठवर, त्यात मोठे भासरे, आम्ही आणि नणंदेचा हिस्सा, त्या घरावर कोणतीच बँक कर्ज देत नाही आणि आम्हाला ते वाटून घ्यायचंही नव्हतं. म्हणून तालुक्याला स्वतःचं घर घ्यायचं ठरलं. भाड्याच्या खोलीच्या मागच्याच लेआउटमधे तेव्हा हजार फुटाच्या प्लॉटवर वर-खाली बांधलेलं तयार घर २२ लाखाला मिळत होतं.

माझा तेव्हाचा हिशोब मी वहीच्या मागच्या पानावर लिहिला होता, ती वही अजून आहे. बँक ९० टक्के देते, म्हणजे आपले २ लाख २० हजार, रजिस्ट्रीचा खर्च धरून चार लाख जमले की झालं. पगारातून महिना ७००० ची आरडी लावली, तीन वर्षांत व्याजासकट २ लाख ८० हजार होणार, बाकीचं कापूस-तुरीतून. शेतीचा पैसा वर्षातून एकदाच येतो आणि आला तसा बियाणं, मजुरी, पीककर्जाचं नवं-जुनं यात जातो हे मला माहीत होतं, पण तरी एखादं वर्ष बरं जाईलच असं धरलं होतं. हिशोब चुकीचा नव्हता, म्हणजे बेरीज-वजाबाकी बरोबर होती, पण ज्या आकड्याचे १० टक्के काढायचे तो आकडाच मी चुकीचा धरला होता आणि हे कळायला मला तीन वर्षं लागली.

ती तीन वर्षं मी रोज भावाकडे बघत होते. २२ चे २३ झाले, साडेतेवीस झाले, लॉकडाऊनमधे थांबले, मग एकदम २६. दरवेळी पोटात खड्डा पडायचा, वाटायचं आपण सात हजार टाकतो आणि घर वर्षाला लाख-दीड लाखानं पळतं, हे कधी गाठणार. माझ्यासारख्या कितीतरी बायका हेच बोलतात, शाळेत मधल्या सुट्टीत हाच विषय, आणि याच भीतीपोटी लोक भिशीत पैसे टाकतात, कोणी पतसंस्थेतून कर्ज काढून डाऊन पेमेंट उभं करतं. माझ्या ओळखीच्या एका सरांनी तसंच केलं, चार लाख पतसंस्थेतून उचलले, पण तो हप्ता पगारपत्रकावर कपात म्हणून दिसतो ना, बँकेने तो वजा करूनच होमलोन किती बसतं ते काढलं आणि चार लाख उभे करण्याच्या नादात तिकडे त्याहून जास्त कर्ज कमी झालं.

२०२१ च्या दिवाळीनंतर आम्ही पहिल्यांदा खरोखरचं घर पाहायला गेलो. हजार फुटाचा प्लॉट, बारा वर्षांचं बांधकाम, भाव २६ लाख. घर आवडलं, आंगणात कडुलिंब होता, विहिरीऐवजी बोअर पण पाणी बाराही महिने. चहा झाल्यावर मालक म्हणाले, "मॅडम, सव्वीस सांगतो, दोन पाच हजार मांगंपुढं होईन, पन रजिस्ट्री अठराची करू, बाकी वरून द्या लागन."

मला हे ऐकून माहीत होतं पण स्वतःवर आलं नव्हतं. घरी येऊन वही उघडली. बँक कर्ज देते ते रजिस्ट्रीच्या रकमेवर, आठ लाख वरून द्यायचे ते तिच्या हिशोबात अस्तित्वातच नाहीत. १८ लाखाचे ९० टक्के म्हणजे १६ लाख २० हजार. २६ मधून ते गेले की ९ लाख ८० हजार उरतात आणि रजिस्ट्रीचा खर्च वेगळा. मी २ लाख ६० हजार धरून बसले होते. आणि त्यातले आठ लाख रोख! आयकराचा नियम असा आहे की घर-जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड, आणि देणाऱ्याच्या हातात त्या पैशाची एक ओळ पावती नसते, उद्या व्यवहार मोडला तर मागणार कशाच्या जोरावर. आम्ही नाही म्हणून कळवलं. हे त्यानंतर दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत, कारण त्यांनी त्या आंगणात बैलजोडी नाही तर निदान गाय कुठं बांधायची ते ठरवून टाकलं होतं.

पण त्या रात्रीच्या हिशोबातून मला जी गोष्ट दिसली तिच्यासाठी मी हा लेख लिहायला बसले.

समजा तेच घर पुढच्या वर्षी २८ लाखाचं झालं. दोन लाख वाढले. आता बँक जर हा २८ चा आकडा मान्य करत असेल, तर माझं डाऊन पेमेंट २ लाख ६० हजाराचं २ लाख ८० हजार होतं, वीस हजार वाढलं, वर मुद्रांक शुल्काचे दहा हजाराच्या आसपास. म्हणजे वर्षाला ३० हजार, महिन्याला अडीच हजार जास्त टाकले की मी होते तिथेच राहते, मागे पडत नाही. बाकीचे १ लाख ८० हजार कर्जात जातात, ते फुकट नाहीत, साडेआठ टक्क्याने वीस वर्षं महिना साधारण १५५० रुपये हप्ता वाढतो, पण ते पगारातून झेपतं. आणि बँक जर तो आकडा मान्य करत नसेल, रजिस्ट्री १८ चीच होणार असेल, तर वाढलेले दोनच्या दोन लाख माझ्या खिशातून. महिन्याला साडेसोळा हजारावर. सात हजाराची आरडी तर सोडाच, नऊ हजाराची केली तरी मी दरवर्षी मागेच पडणार, दहा वर्षं भरली तरी.

घर एक, भाववाढ एक, आणि एका रस्त्यात महिना अडीच हजार तर दुसऱ्यात साडेसोळा हजार. म्हणजे मी इतकी वर्षं भाव किती वाढला हे बघत होते, बघायला हवं होतं ते वाढलेला भाव बँकेच्या कागदावर चढतो की नाही. कोणत्या बँकेत अर्धा टक्का व्याज जास्त मिळतं यात मी किती दुपारी घालवल्या, तीन लाखावर अर्धा टक्का म्हणजे वर्षाचे दीड हजार रुपये. तो वेळ मी इकडे घालवायला पाहिजे होता.

त्यानंतर आम्ही एकच अट धरली, पूर्ण रकमेची रजिस्ट्री करणाराच मालक पाहायचा. आणि २०२२ मधे तसा मिळाला. त्या वर्षी कापसाने साथ दिली, आमच्याकडे दहा हजाराच्या वर भाव गेला होता, यांनी निम्मा कापूस घरात ठेवला होता तो विकून १ लाख २० हजार बाजूला टाकले. ते पैसे मी त्याच दिवशी एफडीत टाकले, कारण आमच्या घरात कापसाचा पैसा आठ दिवस राहिला तर तो राहतच नाही, कोणाचं लग्न, कोणाची बोअरची मोटर. तर घर २८ लाखाचं, मालक म्हणाले रजिस्ट्री पूर्ण २८ ची करून देतो. आम्हाला आनंद झाला, लगेच ५१ हजार इसार चेकने दिला, साध्या कागदावर इसारपत्र केलं, तीन महिन्यांत रजिस्ट्री नाही झाली तर इसार जप्त असं त्यात लिहिलं होतं आणि आम्ही ते वाचून सही केली.

मग बँकेचा व्हॅल्युअर आला. त्याने घराची किंमत काढली साडेबावीस लाख.

मी बँकेत गेले तर तिथले साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, आम्ही दोन आकडे पाहतो, तुमच्या व्यवहाराचा आणि व्हॅल्युअरचा, त्यातला लहान असतो तोच धरतो." मला ते पटेना म्हणून मी व्हॅल्युअरलाच भेटले, चांगला माणूस होता, त्याने कागद समोर ठेवून समजावलं. जमिनीचा दर तो काढतो सरकारचा रेडी रेकनर आणि आजूबाजूच्या झालेल्या रजिस्ट्र्या बघून. आता आजूबाजूच्या सगळ्यांनी १८-१८ च्याच रजिस्ट्र्या केल्या आहेत, मग त्याच्या कागदावर त्या गल्लीचा भाव येणार कुठून? बांधकामाचा तो वेगळा हिशोब करतो, फुटाला इतका खर्च आणि जितकं जुनं तितकी घट. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली, नगरपरिषदेने मंजूर केलेल्या नकाशात फक्त तळमजला होता, वरच्या दोन खोल्या नंतर परवानगी न घेता बांधलेल्या, त्याने त्या धरल्याच नाहीत. मालक त्या खोल्यांचे पैसे मागत होता, बँकेसाठी त्या नव्हत्याच.

साडेबावीसचे ९० टक्के म्हणजे २० लाख २५ हजार. आमचे ७ लाख ७५ हजार लागणार, वरचा खर्च धरून नऊ लाखाच्या पुढे. जवळ होते पाच लाख. मालकाला मुदत मागितली, त्याने नाही म्हटलं, इसार गेला. ५१ हजार म्हणजे माझ्या तेव्हाच्या नऊ हजाराच्या आरडीचे साडेपाच महिन्यांच्या वर. त्या मालकावर माझा राग नाही, कागदावर लिहिलं तेच त्याने केलं, मला फक्त हे सांगायचं आहे की इसारपत्रात एक ओळ घालता येते, बँकेचं इतक्या रकमेचं कर्ज मंजूर नाही झालं तर इसार परत मिळेल, आणि ज्याला खरंच पूर्ण व्यवहार करायचा आहे तो मालक ही ओळ मान्य करतो. आमच्याकडे इसाराच्या वेळी असं काही बोलणं म्हणजे अविश्वास दाखवणं समजतात, चहा पिऊन झालेला असतो, पेढे वाटलेले असतात, तोंडातून शब्द निघत नाही. तरी बोलायला हवं.

पुढची दोन वर्षं आम्ही घरं कमी पाहिली आणि कागद जास्त. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्च मधे जुन्या रजिस्ट्रीची सूची दोन पाहता येते, तिच्यात मोबदला म्हणजे व्यवहार कितीचा दाखवला आणि बाजारभाव म्हणजे सरकारी हिशोबाने किंमत किती, हे दोन्ही आकडे असतात. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून आम्हाला हव्या असलेल्या तीन लेआउटमधल्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या सूच्या पाहिल्या. एका लेआउटमधे सगळे आकडे सरकारी किमतीला चिकटून, पाच-दहा हजार इकडे-तिकडे, म्हणजे तिथे प्रत्येकाने कमीचीच रजिस्ट्री केली, तिथे व्हॅल्युअरचा आकडा वर येणारच नाही. पण नवीन वस्तीत, जिथे नोकरीवाल्यांनी होमलोनवर घरं घेतलीत, तिथे मोबदला बाजारभावापेक्षा बराच वर होता. तिथे व्हॅल्युअरला दाखवायला पुरावा आहे. हे घर न बघता, घरी बसून कळतं. त्यात २०२३ आणि २०२४ दोन्ही वर्षी सरकारने रेडी रेकनरचे दर वाढवलेच नाहीत, लोकांना वाटलं चला रजिस्ट्रीचा खर्च वाचला, पण बाहेर भाव वाढतच होता, म्हणजे सरकारी किमतीला धरून रजिस्ट्री करणाऱ्यांच्या गल्लीत बाहेरचा भाव आणि कागद यातलं अंतर दोन वर्षांत आणखी रुंदावलं, आणि ते अंतर घेणाऱ्याच्या खिशातून.

अजून एक गोष्ट कळली ती नव्या घरांच्या बाबतीत. तेच तयार वर-खाली घर, २२ लाखाचं, २०२४ पर्यंत ३६ लाखावर गेलं होतं. बिल्डर पूर्ण रजिस्ट्री करायला तयार, मग अडचण काय? तर रिझर्व्ह बँकेचा नियम असा की ३० लाखापर्यंतचं कर्ज घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देता येतं, त्याच्या वरचं, ७५ लाखापर्यंत, ८० टक्क्यांपर्यंतच. ही ३० लाखाची रेघ २०१५ मधे आखली, तेव्हापासून तिथेच आहे. आता बघा, ३३ लाख ३३ हजाराचं घर असेल तर ९० टक्के म्हणजे बरोबर ३० लाख कर्ज. त्याच्या वर भाव गेला की कर्ज ३० वरच अडकतं, कारण ८० टक्क्याने ३० च्या वर जायला घर साडेसदतीस लाखाचं पाहिजे. म्हणजे या सव्वाचार लाखाच्या पट्ट्यात वाढलेला एकूण एक रुपया घेणाऱ्याचा. ३६ च्या घराला आपले ३ लाख ६० हजार नाही तर सहा लाख लागतात. कागद स्वच्छ, बिल्डर स्वच्छ, तरी तेच. आणि मुद्रांक-नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही, अगदी दहा लाखाच्या आतलं घर सोडलं तर, तो पूर्ण आपलाच. तालुक्याची नवीन घरं नेमकी याच पट्ट्यात शिरत होती, म्हणून मी यांना म्हटलं की नवं सोडा, तीसच्या आसपासचं वापरलेलं बघू.

२०२४ च्या पावसाळ्यात ते घर मिळालं. नवीन वस्तीत, आठ वर्षांचं, दोन्ही मजले मंजूर नकाशात, ३१ लाख. मालक रिटायर्ड, मुलाजवळ अमरावतीला फ्लॅट घेऊन जाणार होते. मी पहिल्याच भेटीत विचारलं, "काकाजी, पैसे कुठं लावणार आहात?" कारण आतापर्यंत मला हे समजलं होतं की मालक कमीची रजिस्ट्री मागतो ती बहुतेक स्वतःचा कर वाचवायला, आणि घर विकून झालेला नफा माणसाने ठरलेल्या मुदतीत दुसऱ्या घरात घातला, विकत घ्यायचं तर विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत, तर त्या नफ्यावर कर लागतच नाही. काकाजींना फ्लॅट घ्यायचाच होता आणि तिकडचा बिल्डर चेकच मागत होता, रोखीचा त्यांना उपयोग नव्हता. ते म्हणाले, "मले कायले पाहिजे बाप्पा दोन नंबरचे पैसे, या वयात गादीखाली ठेवू का?" एवढं ऐकल्यावर मला रडूच यायला लागलं, यांनी विषय बदलून पाणी मागितलं.

या वेळी इसार दिला २१ हजार, ती एक ओळ घालून. आधी बँकेत कागद दिले, आधी व्हॅल्युअर. त्याच्या रिपोर्टमधे मी काढलेल्या शेजारच्या चार सूच्या जोडता येतील का विचारलं तर त्याने घेतल्या, म्हणाला द्या, मलाही शोधाव्याच लागतात. आकडा आला २९ लाख. ३१ नाही आला, पण २९. कर्ज २६ लाख १० हजार, आमचे ४ लाख ९० हजार. घर माझ्या एकटीच्या नावाने घेतलं, कारण घेणारी फक्त बाई असेल तर घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, नवऱ्याचं नाव सोबत लावलं तर मिळत नाही, ३१ लाखावर ते ३१ हजार होतात. नोंदणी फी एक टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार. वकील, सर्च रिपोर्ट, प्रोसेसिंग, गहाणखत धरून घराच्या वरचा सगळा खर्च सव्वादोन लाख. एकूण ७ लाख १५ हजार.

आणि जवळ होते ७ लाख ७० हजार. पहिल्या आरडीचे पैसे एफडीत ठेवून ३ लाख ३० हजार झाले होते, दुसरी नऊ हजाराची तीन वर्षांची आरडी साडेतीन लाखावर, कापसाचे व्याजासकट १ लाख ३५ हजार, यातून तो गेलेला इसार वजा. २०१८ पासून या रकमेत जादू काहीच झालेली नाही, जेवढे टाकले तेवढेच आणि थोडं व्याज. आम्ही घेतलं ते घर मात्र २०१८ च्या २२ लाखापेक्षा नऊ लाखाने महाग होतं, आणि तरी २०२१ ला मला अकरा लाख लागत होते ते आता सात लागले. त्या वर्षी आम्ही नाही म्हटलेलं ते कडुलिंबाचं घर कोणी घेतलं मला माहीत नाही, पण तिकडून गेले की नजर जाते.

एक गोष्ट मात्र आमच्या हिशोबात शेवटपर्यंत बसली नाही, यांची शेती. सहा एकर, वर्षाला कितीही पिको, बँकेच्या पगारदार होमलोनच्या कागदावर ते शून्य, कारण रिटर्न भरलेले नाहीत आणि कापूस विकल्याच्या पावत्या सगळ्या सांभाळलेल्या नाहीत. कर्ज माझ्या पगारावर बसलं. माझी नोकरी नसती तर हे सगळं कागद पाहणं, सूच्या काढणं करूनही दार उघडलं नसतं, आणि आमच्या आजूबाजूला निव्वळ शेतीवरची घरं जास्त आहेत. त्यांच्यासाठी मी वर लिहिलं त्यातलं अर्धंच कामाचं आहे, हे मला रोज टोचतं.

रजिस्ट्रीच्या दिवशी सासूबाई आल्या होत्या. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात फोटो काढताना त्यांनी हळूच विचारलं, "नाव तुह्या एकटीचंच?" मी एक टक्का सांगायला तोंड उघडलं तर त्याच म्हणाल्या, "बरं हाय, राहू दे."

महिन्याभरापूर्वी आमच्या गल्लीतल्या एका नर्सबाई घरी आल्या, त्यांच्या भावाला शेजारचं तिसरं घर घ्यायचं आहे, व्हॅल्युअर यायचा आहे. म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या सूची दोनची झेरॉक्स भेटन का?" मोबदल्याच्या रकान्यात ३१ लाख लिहिलेला तो कागद मी फाईलमधून काढला, दोन झेरॉक्स जास्तीच्या काढून ठेवल्या होत्या, त्यातली एक त्यांना दिली.